चार हात चुना

गावच्या घराला चुना लावायला चाललोय, असं मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने तोच विनोद केला. "कुणाला?" ऑफिसातले साहेब, एसटीचा कंडक्टर, तिठ्यावरचा चहावाला, सगळे. मी मोजायला लागलो. शिमग्याच्या सुट्टीत चुनकळीचं पोतं विकणाऱ्या दुकानदारापर्यंत चौदा झाले. त्या दुकानदाराला मात्र हा विनोद करायचा हक्क होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमचं घर जांभ्याचं, मातीत बांधलेलं. सहा वर्षांपूर्वी चुलतभावाने हौसेने प्लास्टिक पेंट फासला. जांभा पावसाळाभर ओल पितो आणि नंतर भिंतीतून सावकाश सोडतो. चुन्यातून ती निघून जायची, पेंटने तिची वाट अडवली. मग गणपतीच्या खोलीत दर भाद्रपदात भिंतीला पापडासारखे फुगे यायचे आणि आरती चालू असताना एखादा पोपडा टाळ्यांच्या तालावर खाली पडायचा.

तर पहिलं पोतं. एक खडा पाण्यात टाकला. फसफस होईल म्हणून मी तीन पावलं मागे सरलो, डोळ्यांवर मुलाचा पोहण्याचा चष्मा. खडा शांतपणे बुडाला आणि चहातल्या खारीसारखा बसला. आत्या पायरीवरून बघत होती.

"मेलेलो चुनो तो. हवा खाऊन बसलो."

चुनकळी उघड्यावर राहिली की हवेतलीच ओल पिऊन आपोआप विरते आणि तिची भुकटी होते. मग ती ना तापते, ना भिंतीला धरते. पोत्यात खड्यांपेक्षा पीठ जास्त दिसलं तेव्हाच ओळखायला हवं होतं. पोतं परत केलं, दुसरं आणलं. त्यातला खडा पाण्यात पडताच आधी काही नाही, मग तडतड, मग उकळी. पिंपात पाणी आधी घ्यायचं आणि खडे त्यात एकेक सोडायचे. उलट केलं, म्हणजे खड्यांवर पाणी ओतलं, तर तो उकळता चुना अंगावर उडतो. एवढं मी पाळलं. पण पिंप लोखंडाचं होतं तरी थोडा चुना बादलीत विरवावा असं का वाटलं, माहीत नाही. प्लास्टिकची बादली पाच मिनिटांत कमरेत वाकली.

चष्म्याला आत्या हसली नाही. "डोळ्यात गेलो तर दिष्टी जायत," एवढंच म्हणाली आणि हाताला खोबरेल लावून दिलं. विरलेला चुना जुन्या धोतरातून गाळून पिंपात ठेवला, वर चार बोटं पाणी. लोण्यासारखा मुरायला तो दोन महिने तसाच राहिला, आणि मी मे महिन्यात आठ दिवसांची रजा टाकून परतलो.

त्यातले दोन दिवस खरवडण्यात गेले. चुना भिंतीत शिरून धरतो, त्यामुळे पेंटचा एक डाग जरी राहिला तरी तिथून तो पुढल्या पावसात निघणार. पेंटखाली जुने हात दिसायला लागले: पांढरा, निळीचा, पिवडीचा, पुन्हा पांढरा. दोन ठिकाणी कोणाच्या तरी लग्नाची तारीख कावेने लिहिलेली. खरवडणं तिथे थोडं रेंगाळलं.

तिसऱ्या दिवशी चुना कालवला. मुरलेला चुना एक वाटा, पाणी साधारण तीन. दह्यासारखा नको, दुधासारखा हवा. बोट बुडवून बाहेर काढलं की नखाची कड दिसली पाहिजे. आधी भिंत पाण्याने भिजवायची, नाहीतर तहानलेली भिंत चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि चुना नुसता खडूसारखा वर राहतो. कुंच्याने पहिला हात मारला. मी मागे सरून बघितलं. काहीच नव्हतं. भिंत धुतल्यासारखी दिसत होती. शेजारचे दादा डोकावले. "पाणी मारतांस? चुनो कधी लावतलास?" हा विनोद नव्हता, म्हणून मोजला नाही.

मला ते लागलं. रात्री सगळे झोपल्यावर मी मखराच्या मागच्या भिंतीवर चुना घट्ट कालवून फासला. पांढराशुभ्र! कुंचा धुवून पालथा होता म्हणून शहरातून आणलेला केसाळ ब्रश वापरला, रंगवाल्याने खास शिफारस केलेला. त्याचे केस खऱ्या जनावराचे. चुना केस खातो. सकाळी ब्रशला टक्कल पडलं होतं आणि केस भिंतीवर होते.

सकाळी त्याहून मोठा धक्का होता. ज्या भिंती पाण्यासारख्या दिसत होत्या त्या रातोरात पांढऱ्या झाल्या होत्या. ओला चुना पारदर्शकच असतो. तो सुकताना पांढरा होतो, आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड व्हायला लागतो. हे काम सावकाश चालतं, थर जाड असला तर वरचा आधी सुकतो, आकसतो आणि तडकतो. माझी मखराची भिंत चैत्रातल्या तळ्यासारखी दिसत होती.

"खरवड," आत्या म्हणाली. मी खरवडली. म्हणजे, दिसेल तेवढी. मखर असतंच की पुढे.

बाकीच्या भिंतींना रोज एक पातळ हात, असे चार हात झाले. ऊन थेट यायचं त्या खिडकीवर गोणपाट भिजवून टांगलं. सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून मी पिवळा रंग करायचं ठरवलं. पिवडी दुकानात संपली होती, स्वयंपाकघरात हळद होती. हळद चुन्यात पडताक्षणी बादली लाल झाली.

आत्याने डोक्याला हात लावला. "कुंकू कसा करतत, ठाऊक नाय?"

झाडपाल्याचे रंग चुन्याच्या तडाख्यात बदलतात, शिवाय उन्हात उडतात. गेरू, पिवडी, काव ही माती, लोखंडाच्या गंजाची, ती टिकते. दोन दिवसांनी पिवडी मिळाली. रात्रभर भिजवून, वाटून, गाळून, सगळ्या भिंतीला पुरेल एवढी एकदम कालवली, कारण दुसऱ्यांदा तीच छटा जमत नाही. रंग तळाशी बसतो म्हणून दर पाच मिनिटांनी ढवळायचं. ओली भिंत हापूससारखी दिसली, सुकल्यावर ताकासारखी. आणखी रंग घालायला मी हात उचलला, पण आत्याने धरला. चुन्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त माती झाली, की चुना तिला धरू शकत नाही, ती हाताला लागते.

तेव्हापासून मी तळहाताने भिंती चोळत फिरतो. चुना हाताला आला नाही की दरवर्षी एकच पातळ हात पुरतो. आला, तर झाडायचं, भिजवायचं, पुन्हा मारायचं.

गणपतीला घर भरलं. सोळापर्यंत आकडा गेलेला. आरती झाली, मखर थोडं बाजूला सरकवलं, आणि भाऊजी नव्या काळ्या कुर्त्यात टेकून बसले. नेमके त्याच भिंतीला. उठले तेव्हा पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत भिंत होती, मधे दोन-चार ब्रशचे केस.

आत्याने शिमग्यापासून एकदाही तो विनोद केला नव्हता. तिने भाऊजींची पाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"जावयाक चुनो लावलंस मरे!"

सतरा.