ज्यांना मैदानावर येता आले नाही, त्यांचे आभार

आज सकाळी ग्वाल्हेरच्या कंपू भागात सशस्त्र पोलिसांच्या बटालियनमधून निवृत्त होणाऱ्या एका कमांडंटसाहेबांची शेवटची परेड पाहिली. परतताना शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, “भाषणात काही दम नव्हता, स्वयंपाकी आणि न्हाव्यांचेच आभार मानत बसले!” तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे.

माझे बाबा सशस्त्र पोलिसांच्या बटालियनमध्ये होते आणि त्यांची नेमणूक कोतात, म्हणजे शस्त्रागारात होती. परेडच्या दिवशी पहाटे प्रत्येक रायफलीचा क्रमांक नोंदवहीत जवानाच्या नावापुढे लिहून, सही घेऊन ती द्यायची, आणि परेड संपली की मोजून, नळी तपासून परत घ्यायची. मधल्या वेळेतही कोत सोडता येत नाही. त्यांच्या एका कमांडंटांच्या निरोपाच्या दिवशी त्यांनी बँड ऐकला तो भिंतीपलीकडून, आणि भाषणात आभार मानले गेले ते फक्त अधिकाऱ्यांचे, हे त्यांना संध्याकाळी दुसऱ्यांकडून कळले.

आजच्या साहेबांनी सलामी घेतल्यावर सर्वांत आधी परेडला ‘विश्राम’ आणि मग ‘आराम से’ करवले. ज्याला हे क्षुल्लक वाटते, त्याने उन्हात गुडघे ताठ ठेवून उभे राहून पाहावे. रक्त पायांत साचते, मेंदूकडे कमी जाते, आणि धडधाकट जवानही कोसळतो. त्यानंतर त्यांनी क्वार्टर गार्डवरच्या पहारेकऱ्यांचे, पहाटे चुली पेटवणाऱ्या लंगरच्या मंडळींचे, धोबी आणि न्हाव्यांचे, आणि कोतातल्या माणसांचे आभार मानले, प्रत्येकाचे काम सांगून. ते ऐकताना बाबांची फार आठवण झाली.

भाषण लांबले, हे मान्य. परंतु सशस्त्र पोलिसांची बटालियन एका मैदानावर पूर्ण उभी असते कधी? कुठली कंपनी निवडणुकीच्या बंदोबस्ताला, कुठली जंगलाच्या भागात, तर कुठली दुसऱ्याच जिल्ह्यात असते, आणि समोर उभी राहते ती उरलेली तुकडी. म्हणूनच साहेबांनी तेच भाषण कागदावर उतरवून बाहेर असलेल्या कंपन्यांकडे पाठवले आहे आणि संध्याकाळच्या हजेरीत ते वाचून दाखवावे, असे सांगितले आहे. माझ्या मते आजची सर्वांत मोठी गोष्ट हीच होती. बाबांच्या वेळी कोणी असा एक कागद कोतापर्यंत पोचवला असता, तर त्यांनी तो जन्मभर जपून ठेवला असता.

त्या गृहस्थांवरचा राग आता थोडा निवळला आहे. त्यांच्या घरात कोणी वर्दी घातलेली नसावी. शौर्याच्या गोष्टी त्यांना ऐकायच्या होत्या, त्यात वाईट काही नाही, आणि कर्तव्यावर असताना प्राण गमावलेल्या जवानांची नावे साहेबांनी घेतलीच, तेव्हा सारे मैदान सावधान होते.

बाहेर असलेल्या कंपन्यांपैकी कोणाच्या घरचे हे वाचत असतील, तर आज रात्री फोनवर एवढे विचारून मला कळवा, की हजेरीत तो कागद खरोखर वाचला गेला का.