पाच तारे, एक कपाट

ऑनलाइन मागवलेल्या कपाटाचा रिव्ह्यू लिहायचा मुहूर्त एकच. डिलिव्हरीचा पोरगा जिन्यात उभा राहून कानडीत "ओटीपी हेळ्री सर" म्हणतो, तो. तेव्हाच लिहून टाकावा. खोकी उघडली की मन कलुषित होतं.

आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर तीन खोकी चढली, त्यातल्या एकाचा कोपरा चेपलेला. खाली टेम्पो आडवा, मागून रिक्षावाला हॉर्न बडवतोय. अशा वेळी लेबलासकट त्या कोपऱ्याचा फोटो काढणं, खोकं कापताना व्हिडिओ घेणं हे संशयी माणसांचे उद्योग. मी ओटीपी दिला आणि लगेच लिहिलं, "पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत." पाच तारे. आत फळीचा कोपरा भुगा झालेला निघाला, तेव्हा विक्रेत्याने नम्रपणे विचारलं, "डिलिव्हरीच्या वेळचा फोटो आहे का?" माझे पाच तारे मात्र त्यांच्याकडे होते.

मालाबद्दल लिहिताना वर्णनातलेच शब्द उतरवावेत. 'इंजिनिअर्ड वूड, अक्रोड फिनिश' असं असेल तर "अक्रोडाचं दणकट कपाट" म्हणून मोकळं व्हावं. अक्रोड हे तिथे रंगाचं नाव असतं, हे सांगून कुणाचा विरस का करा? फळीला आधीच पाडलेल्या भोकात तर मुळीच डोकावू नये. आत थरावर थर दिसले तर प्लायवूड, पुठ्ठ्यासारखा गुळगुळीत बारीक लगदा दिसला तर एमडीएफ, आणि लाडवासारखा दाणेदार चुरा दिसला तर पार्टिकल बोर्ड. आमच्या भोकात लाडूच होता. फळीच्या दिसणाऱ्या कडांना पट्टी चिकटवलेली, पण जमिनीला टेकणारी कड उघडी. फरशी पुसताना पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. पण खाली वाकून बघणार कोण?

जोडणीसाठी "सोपी, अर्ध्या तासात झाली" हे वाक्य राखून ठेवलेलं आहे. जोडणारा आला तो ड्रिल घेऊनच. पार्टिकल बोर्डात स्क्रू शेवटी हाताने आवळावा लागतो. मशीन गरागरा फिरलं की आतले आटे भुसा होतात आणि स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो. आमच्या मधल्या दाराच्या वरच्या बिजागरीचं तेच झालं. पण खरी करामत मागच्या फळीची. ती ३ मिलिमीटरची पातळ फळी नुसती धूळ अडवायला नसते, सगळं कपाट चौकोनात धरून ठेवायला असते. म्हणून खिळे मारण्याआधी दोन्ही कर्ण मोजायचे आणि सारखे येईपर्यंत सांगाडा ढकलायचा. आमच्या १८० बाय १२० सेंटिमीटरच्या कपाटाचा कर्ण २१६ आणि वर थोडा यायला हवा होता. टेप कुणी काढलाच नाही, खिळे मात्र पटापट बसले. मग डावं दार खाली, उजवं वर, मधे बोटभर फट. बिजागरीचे स्क्रू फिरवून दार चार-दोन मिलिमीटर सरकतं, बोटभर नाही.

शेवटी शहापुरातल्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी दारात उभं राहूनच सांगितलं, "गुण्यात न्हाई हो हे." म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. मग टेप लावला. एक कर्ण २१५, दुसरा २१७ आणि वर थोडं. मागची फळी उचकटून सांगाडा सरळ केला, फिरणाऱ्या स्क्रूच्या भोकात गोंद लावून लाकडाची काडी ठोकली आणि पैसे घेताना विचारलं, "ह्ये घ्यायच्या आधी आमास्नी का इचारलं न्हाई?"

फोटोशी जुळतं का, या प्रश्नाला "हुबेहूब" लिहावं. ते खरंही आहे, कारण फोटो समोरून काढलेला असतो आणि समोरून खोली दिसत नाही. आमचं कपाट बाहेरून ४५ सेंटिमीटर खोल. मागची फळी आणि दार वजा करा, आत राहतात ४२ च्या आसपास. कोटाचा हँगर साधारण तेवढाच रुंद, त्यावर कोटाचे खांदे. लग्नातला कोट आमच्याकडे तिरका लटकतो, बसमध्ये दांडीला धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. सरळ टांगायचा तर आत ५५ तरी हवेत. फोटोत तीन झिरझिरीत ओढण्या टांगल्या होत्या, त्यांना काय हो, ४२ सुद्धा मोकळं मैदान.

एवढं होऊनही रिव्ह्यू बदलायला जाऊ नये, निदान पाऊस संपेपर्यंत तरी. जूनमध्ये बेळगावच्या भिंतींना ओल आली. ऑगस्टमध्ये आमच्या कपाटाच्या डाव्या पायाची कड पावासारखी फुगली, वरचा अक्रोड पापुद्र्यासारखा सुटला आणि दार पुन्हा घासू लागलं. कपाट भिंतीला चिकटवून ठेवलेलं आणि पायाखाली साध्या रबरी चकत्याही नाहीत, हे मामांनी दुसऱ्या फेरीत सांगितलं. त्याचे वेगळे पैसे.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. "तेच कपाट मागवलंय हो, तुमचा रिव्ह्यू वाचून. गुरुवारी येतंय." मी त्यांना मामांचा नंबर दिला.