तो कोड काकींच्या मोबाइलवर का आला नाही?

आज दुपारी ट्रेडमार्कवाल्या एजंटचा फोन. "दादा, मेलवर एक कोड आलेला, आत्ता बघितला." आत्ता! कोड येऊन तीन आठवडे झालेत. तोवर आम्ही जिथं मसाला विकतो त्या ऑनलाइन मार्केटप्लेसनं आमची ब्रँड रजिस्ट्रेशनची केस बंदही करून टाकली. माझं डोकं सणकलंय, म्हणून हे लिहितोय.

आमच्या काकींचा कांदा-लसूण मसाला तुमच्यापैकी निम्म्यांनी खाल्लाय. डंकावर स्वतः उभ्या राहून कांडून घेतात. तो ऑनलाइन विकायचा आणि नाव दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून मार्केटप्लेसवर ब्रँड रजिस्ट्रेशन करायचं, एवढंच होतं. त्यासाठी आधी ट्रेडमार्कचा अर्ज केला, मसाल्याचा म्हणून वर्ग 30. काकींच्या स्वतःच्या नावानं ऑनलाइन भरला म्हणून सरकारी फी 4,500 रुपये, स्टार्टअप किंवा लघुउद्योग नसलेल्या कंपनीला 9,000 पडतात. आम्ही जिथं विकतो तिथं ट्रेडमार्कचा अर्ज प्रलंबित असला तरी त्याच्या नंबरावर काम भागतं. म्हटलं, झालं आता.

मग फोटो. ब्रँडचं नाव मालावर किंवा पाकिटावर छापलेलं दिसेल असे फोटो मार्केटप्लेसवाले मागतात. पहिल्यांदा मी डिझायनरनं कॉम्प्युटरवर केलेलं पाकीट पाठवलं. नामंजूर. त्यांना खरं पाकीट बघायचं असतं, चित्र नव्हे. मग लक्ष्मीपुरीतून कोऱ्या पिशव्या आणल्या, स्टिकर लावले, फोटो पाठवले. परत नामंजूर. कारण काय, तर नाव कायमस्वरूपी नाही. काकी म्हणाल्या, "आरं, नाव तर दिसतंय की!" आणि पिशवी हातात घेऊन नखानं स्टिकरचा कोपरा उचलला. अख्खं स्टिकर सोलून हातात आलं. बघत बसल्या त्याच्याकडं. काही बोलल्या नाहीत.

ते स्टिकर अजून माझ्या डोळ्यांसमोरनं हलत नाही. तीस वर्षं मसाला करणाऱ्या बाईचं नाव एका नखात निघून आलं.

मान्य आहे, नियम चुकीचा नाही. कुणीही बाजारातला मसाला भरून वर आपलं स्टिकर मारू शकतो. तेवढं मी त्यांना देतो.

मग स्क्रीन प्रिंटिंग करून घेतलं. रोलवर छापायचं तर हजारोंच्या खाली कोण हात लावत नाही, पण कोऱ्या तयार पिशवीवर पाचशे नगसुद्धा छापून मिळतात. प्रेसवाल्यानं नमुना दाखवला तेव्हा लक्षात आलं, ट्रेडमार्कच्या अर्जात नाव इंग्रजी लिपीत दोन शब्दांत आणि आमच्या पिशवीवर देवनागरीत, एकत्र, वर शेवटी 'मसाले' जोडलेलं. तिकडं बसलेल्या माणसानं ते जुळवायचं कसं? तेव्हा अर्जात आहे तसंच, अक्षर न् अक्षर, मधल्या जागेसकट, मोठ्ठं छापलं आणि खाली देवनागरी. मार्केटप्लेसच्या फॉर्ममध्येही तसंच टाईप केलं. ज्यांचं अजून छापायचंय त्यांनी आधी अर्जाची पोच समोर ठेवा, मग प्रेसमध्ये जा.

तिसऱ्यांदा फोटो काकींनी पिशवी हातात धरून. पुढून, मागून, दिवसाच्या उजेडात, नाव स्पष्ट. या वेळी फोटोंवरून काहीच हरकत आली नाही. आम्ही वाट बघत बसलो.

आणि कोड गेला एजंटला! मार्केटप्लेस तो विक्रेत्याला देतच नाही. तुमच्या अर्जाच्या नंबरावरून ट्रेडमार्कच्या नोंदीत पत्रव्यवहारासाठी जो ईमेल आहे, त्यावर पाठवतं. नाव ज्याचं त्याचीच संमती आहे का, हे तपासायला. नोंदीत ईमेल एजंटचा. त्यानं तो आम्हाला कळवायचा आणि आम्ही आमच्या खात्यातल्या त्याच केसमध्ये उत्तर म्हणून टाकायचा. एवढंच काम, आणि तेच झालं नाही.

माणूस वाईट नाही. त्याच्याकडं असे शंभर मेल येत असतील. पण बाबा, फी घेताना मोजून घेतलीस की! आम्हाला एक वाक्य सांगायचं होतंस, की कोड माझ्याकडं येणार, मार्केटप्लेसवर अर्ज टाकला की मला फोन करा. मी रोज सकाळी फोन केला असता. ट्रेडमार्कचा अर्ज भरतानाच कुणाचा ईमेल टाकतोय हे मीही विचारलं नाही, ते सलतंय.

काकींना सांगताना जीभ जड झाली. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "मग परत टाक की. पिशव्या छापल्यात न्हवं? आता नाव निघत नाही." आणि अंगठ्याचं नख त्या छपाईवर दोनदा ओढून दाखवलं.

रात्री मार्केटप्लेसवर परत अर्ज टाकलाय. एजंटला व्हॉट्सॲपवर केस नंबर पाठवला, फोनही केला, मेल उघडा ठेव म्हणून. काकींनी आताच विचारलंय, उद्या परत फोटो लागला तर पिशवी कुठल्या बाजूनं धरायची.