पार्सल उचललं म्हणजे पैसे मिळाले नव्हेत

"ऑनलाइन घेतलेली कोणतीही वस्तू ३० दिवसांत परत करता येते, असा कायदा आहे. रिटर्नचं कारण काहीही टाका. पिकअपवाल्याने पार्सल उचललं की पैसे नक्की. नंतरची तपासणी हे नाटक. पिकअपवाला नाही आला तरी रिक्वेस्ट चालूच राहते. सर्वांना पाठवा."

पाठवलं सर्वांनी, आणि आमच्या कुडाळच्या मावशीपर्यंत पोचलंही. तिच्या नव्या मिक्सरचं मोठं भांडं तडकलेलं आलं होतं. तिने कारण टाकलं 'आवडला नाही', फुटकं भांडं आणि मोटर दिली, चांगली दोन भांडी धुऊन फळीवर ठेवली. मी विचारलं तर म्हणे, "पार्सल न्हेल्यान मा? मगे पैसे येतलेच."

नाही आले. दारात येणारा मुलगा मोबाइलवर विचारलेलं तेवढंच बघतो: वस्तू तीच आहे का, मॉडेल जुळतं का, एखादा फोटो. काही कंपन्या ठरावीक वस्तूंचे पैसे पिकअप होताच देतात, हे खरं. पण बहुतेक वेळा खरी तपासणी गोदामात होते. तिथे सिरियल नंबर बिलाशी ताडतात, सुटे भाग मोजतात, वापराच्या खुणा बघतात, आणि वस्तूची अवस्था तुम्ही दिलेल्या कारणाशी जुळते का तेही बघतात. मावशीचा मिक्सर तिथे असा दिसला: गिऱ्हाइकाला आवडला नाही, एक भांडं फुटलेलं, दोन गायब. म्हणजे फोडला गिऱ्हाइकानेच! रिटर्न नाकारला, पार्सल उलट कुडाळला. 'तुटलेलं आलं' हे कारण, डबा उघडतानाचे फोटो आणि तिन्ही भांडी असती तर बदली मिक्सर मागायला भक्कम आधार होता.

३० दिवसांचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम २(४७) बघा. सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवस. सदोष माल, कोणतीही वस्तू नव्हे. रंग पसंत नाही म्हणून परत करायचं तर कंपनीचं धोरण लागू. मुदत सात दिवसांची असेल तर सातच.

रिक्वेस्ट चालू राहते म्हणे! एक-दोन फेऱ्या फुकट गेल्या की ती सहसा बंद होते. पावसात वाडीपर्यंत कोणी येत नाही आणि शेरा पडतो 'ग्राहक उपलब्ध नाही'. त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून तक्रार टाका आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत नवी तारीख घ्या.

मावशीला आता तपासणीचे फोटो आणि नकाराचं लेखी कारण मागायला लावलंय. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फळीवरची भांडी मात्र आधी डब्यात घालायला सांगितली आहेत.