पोळ्याचं तेल महालक्ष्म्यांपर्यंत पुरवायची कला

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांना आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्याच संध्याकाळी सोयाबीन तेलाचं पाकीट फोडून कढईत सव्वा किलो तेल ओतायचं आणि त्यालाही मनोमन आवतन द्यायचं. फरक एवढाच, की बैल जेवून गोठ्यात परत जातात. तेलाला मात्र जायची तारीख सांगायची नाही. पोळा, पाडव्याचा तान्हा पोळा, मग गणपती, मग महालक्ष्म्या. आठवड्याभरात चार सण येतात आणि कढई एकच. ज्या घरात ही कढई एकदाही रिकामी होत नाही, ते घर संसारी समजावं.

सुरुवात कांदा-भज्यांनी करा. आमच्या शेजारची एक वहिनी आधी पुऱ्या तळते आणि भजे शेवटी, त्यामुळे तिचं तेल स्वच्छ राहतं. तिचं ऐकू नका. ओल्या कांद्याचं पाणी गरम तेलात गेलं की तेलाचे रेणू फुटायला लागतात आणि त्यातली आम्लं सुटी होतात. बेसनाचा चुरा तळाशी बसून काळा होतो. पिठात सोडा घातलेला असतो, तो या सुट्या आम्लांशी जुळून थोडासा साबणच तयार करतो. पहिल्याच घाण्यात इतकी प्रगती होत असताना पुऱ्यांपासून सुरुवात करण्यात काय हशील?

तळण झालं की तेल गाळू नका. वहिनी तेल कोमट झालं की पातळ फडक्यातून गाळते, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरते आणि अंधाऱ्या फळीवर ठेवते. आपण लोखंडी कढईतच राहू द्यावं, वर एक ताट तिरपं टाकावं. लोखंड तेल लवकर खवट करायला मदत करतं, हवाही लागते आणि तळाचा जळका चुरा रात्रभर मुरतो. शिवाय दर वेळी तेल थंड होताना हवेतला प्राणवायू पिऊन घेतं आणि पुढच्या वेळी तापलं की त्याचा हिशोब चुकता करतं. म्हणून तेवढाच वेळ सलग तळण्यापेक्षा आज थोडं, परवा थोडं असं तळल्याने तेल लवकर बिघडतं. बस स्टँडवरच्या भजेवाल्याला आपण नावं ठेवतो, पण त्याचं निम्मं तेल संध्याकाळपर्यंत भज्यांसोबतच निघून जातं. सणासणाला थांबत तळायची चिकाटी त्याच्याकडे कुठून येणार?

तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी गुलगुले करा. गूळ जळतो आणि तेल एकदम काळंभोर दिसतं. इथे बहुतेक घरांत भीती वाटते आणि तेल फेकलं जातं. खरं तर रंगाचा फारसा भरवसा नसतो. गुळाने आणि हळदीने बऱ्यापैकी चांगलं तेलही काळवंडतं, आणि नुसत्या पुऱ्या तळून मोडलेलं तेल बिचारं पिवळं दिसू शकतं. तुम्ही मात्र रंग सोयीने वाचा. पिवळं असेल तर चांगलं म्हणून चालवा, काळं असेल तर गुळाला दोष देऊन चालवा.

गणपतीला कढईत तेल कमी दिसेल. पाव किलो नवं ओता. ही सगळ्यात मोठी बचत. विरजण कसं लावतो आपण? वाटीभर दूध आणि चमचाभर जुनं दही. इथेही तेच. जुन्या तेलातली सुटी आम्लं आणि बिघडलेले रेणू नव्या तेलाला हाताशी धरतात आणि त्याला आपल्यासारखं करून घेतात. चार वाट्या जुन्यात एक वाटी नवी पडली तर जुनं सुधारत नाही, नवं लवकर जुनं होतं. पण कढई भरलेली दिसते ना, मग झालं.

आता महालक्ष्म्या. पाहुणे आलेत, पुऱ्या लाटून ताट भरलंय, आणि तुम्ही पहिली पुरी सोडता. इथे तुमची खरी परीक्षा असते, कारण तेल आता सगळं सांगायला लागतं. तुम्ही ते ऐकायचं नाही.

पहिली खूण फेसाची. ताज्या तेलात पुरी टाकली की मोठे बुडबुडे येतात आणि पटपट फुटतात. ती पिठातल्या पाण्याची वाफ असते. मोडलेल्या तेलात बारीक, पिवळसर फेस येतो. तो फुटत नाही, एकावर एक चढतो आणि कढईच्या काठाकडे निघतो. पुरी बाहेर काढली तरी बसत नाही. तो साबण आणि तेलाचे जाड झालेले रेणू यांचा खेळ असतो. पाहुण्यांना सांगा, उकळी चांगली आली आहे.

दुसरी खूण धुराची. ताजं रिफाइंड सोयाबीन तेल साधारण २३० अंशांपाशी धूर सोडतं आणि पुरीला १८० पुरतात. सुटी आम्लं वाढली की धुराची ही पातळी खाली उतरते, आणि एक दिवस पुरी टाकण्याआधीच कढईतून धूर निघतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. आमच्याकडे गेल्या वर्षी हेच झालं.

"काऊन वं, धूर काऊन येऊन राह्यला?" काकूनं विचारलं.

"जाळ मोठा हाय म्हून," मी म्हटलं आणि गॅस बारीक केला. धूर थांबला. मग पुऱ्या फुगेनात. जाळ वाढवला तर बाहेरून लाल, आत कच्च्या, आणि हातात घेतली की बोटांना तेल. बिघडलेलं तेल ओल्या पिठाला जास्त चिकटतं, म्हणून पुरी तेल पिते. त्या दिवशी तेल वाचवण्यासाठी चालवलेल्या तेलाने, पुऱ्यांवाटे पाहुण्यांच्या पोटात किती तेल घातलं असेल, याचा हिशोब कोणी केला नाही. करूही नये.

तिसरी खूण काठावर असते. कढईच्या कडेला तपकिरी, चिकट राळ बसते, राखेनं घासूनही निघत नाही, आणि झाऱ्यावरून तेल पाण्यासारखं न पडता काकवीसारखं ओघळतं. ही राळ भांड्याला शोभा आणते असं समजा.

सरकारलाही यात नाक खुपसायची सवय आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून ठरवलं, की तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल मोडून तयार झालेली द्रव्यं म्हणा, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरू नये. ती मोजायला हातात धरायचं यंत्र मिळतं. आपल्याकडे यंत्र नाही, म्हणून आपण सुटलो. घरासाठी त्यांचं सांगणं असं, की एकदाच वापरलं तर उत्तम, फार तर तीनदा. पण बसत नसलेला फेस, तळायच्या आचेवर धूर किंवा चिकटपणा यांतलं काहीही दिसलं, तर दुसऱ्या वेळीच फेकावं, असं वहिनीचं म्हणणं. ती मोडलेलं तेल थंड झाल्यावर चुलीच्या राखेत किंवा लाकडाच्या भुशात जिरवते आणि कचऱ्यात टाकते, नालीत ओतत नाही. किती हा व्याप!

आम्ही नालीतही ओतलं नाही, राखेतही जिरवलं नाही. "तेल महाग हाय, फेकतं का कोणी?" काकू म्हणाली. "ढेपीत कालव, बैल खाईन." मी ढेप कालवून गव्हाणीत ठेवली. आठवड्यापूर्वी ज्याला आवतन देऊन जेवू घातलं होतं, त्याच बैलाने ती हुंगली, जोरात फुरफुरला आणि तोंड फिरवून कोरडा कडबा खायला लागला.