नॉन-कम्पीट 'व्हॉइड' असतो म्हणून डोळे झाकून सही?

"भारतात नॉन-कम्पीटला काही अर्थ नाही, कलम २७ आहे, कोर्टात टिकतच नाही. नोटीस पिरियडपण नुसता धाक असतो. बिनधास्त सही करा, नको झालं की लॅपटॉप टेबलावर ठेवून निघा."

नोकरीच्या करारावर सही करताना असा सल्ला हमखास मिळतो. त्यातलं पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे आणि तेवढ्यावरच लोक फसतात. करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतर "वर्षभर स्पर्धकाकडे जायचं नाही" ही नॉन-कम्पीटची अट टिकत नाही, खरंय. पण नोकरी चालू असतानाचं काय? १९६७ ची गोलिकरी केस बघा. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला माणूस, पाच वर्षांचा करार, टायर कॉर्डचं ट्रेनिंग कंपनीने दिलेलं, हा मध्येच सोडून कोटाच्या कंपनीत गेला. सुप्रीम कोर्टाने त्याला उरलेल्या मुदतीत तिकडे काम करायला मनाई कायम ठेवली. परत कल्याणला येऊन काम कर असं नाही म्हटलं हां, तशी जबरदस्ती होत नाही, फक्त तिकडे जाऊ नको.

आता नोटीस पिरियड "नुसता धाक" का नाही ते इथेच कळतं. नोटीस संपेपर्यंत तुम्ही नोकरीतच असता, मग ९० दिवसांची नोटीस म्हणजे तीन महिन्यांचा नॉन-कम्पीटच की, आणि तो कलम २७ च्या नावाने उडत नाही. त्यात ३० व्या दिवशी निघून दुसरीकडे जॉईन झालात तर पीएफच्या नोंदीत दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढू शकतात, आणि रिलिव्हिंग लेटर अडकतं ते वेगळंच.

म्हणून सहीआधी मी नोटीस पिरियडच्या क्लॉजमध्ये एकच गोष्ट शोधतो, "पर्याय कोणाचा". "उरलेल्या दिवसांचा पगार भरून कर्मचारी मुक्त होऊ शकतो" हे ठीक. "कंपनीच्या मर्जीनुसार" असेल तर पैसे खिशात असूनही अडकलात. मग पगार म्हणजे बेसिक की ग्रॉस ते विचारा: बेसिक ४० हजार, ग्रॉस ८० हजार, ६० दिवस उरलेत, तर ८० हजार की १ लाख ६० हजार? लिहून घ्या, एचआरचं तोंडी "बेसिकच असतं हो" नंतर कोणी ओळखत नाही.

आणि "दोन वर्षांच्या आत सोडलं तर २ लाख" हा बॉन्ड असेल तर? तोही आपोआप फुकट जात नाही. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या अटीचे २ लाख वैध ठरवले, पण तिथे सरकारी बँक होती, भरतीचा खर्च होता, पदही वरचं होतं. कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. म्हणजे ट्रेनिंगच्या नावाखाली दोन दिवसांचं पीपीटी दाखवून ५ लाख मागणाऱ्याला कोर्टात जड जाईल, पण तोवर तुमच्या फुल अँड फायनल हिशेबाचे पैसे त्याच्याकडेच असतात ना.