मामा आणि सहा वॅट

कालपासून मान धरलीय. ऐन गर्दीच्या वेळी महाद्वार रोडवरच्या एका साडीच्या दुकानात शिडीवर चढून, फॉल्स सीलिंगच्या भोकात डोकं घालून दोन तास उभा होतो. खाली बायका साड्या बघत होत्या आणि मधूनमधून मला. एका पोरानं आईला विचारलंसुद्धा, "ह्यो काका खाली कवा येणार?"

महिन्यापूर्वी तिथं मीच बावीस स्पीकर बसवले होते. १२० वॅटचा ॲम्प्लिफायर, १०० व्होल्टची लाइन. काल फोन आला, "तुमचा माल बाद झाला, या."

गेलो. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागलेला, आवाज बंद. मागून स्पीकरच्या वायरी सोडवल्या, तर दिवा हिरवा. म्हणजे मशीन ठणठणीत, दुखणं लाइनीत. वरच्या मजल्याची वायर जोडली, गाणं सुरू. खालच्या मजल्याची जोडली, पुन्हा लाल.

तेवढ्यात गल्ल्याशेजारच्या स्टुलावरून मालकाचे मामा बोलले. "ओ मिस्त्री, आवाज लय बारीक ठेवलावता तुम्ही. मी जरा वाढवून घेतलाय."

मिस्त्री! असू दे. "वाढवला म्हणजे?"

"त्या डब्यांच्या पाठीमागं सहा, तीन, दीड लिवलंय न्हवं? तुम्ही समदे तीनवर टाकलेले. दुकान हाय का दवाखाना? सगळे सहावर घेतले."

"सगळे?"

"बावीसच्या बावीस. पोरगं चढवलं शिडीवर."

मी दाराजवळचे चार सहावर, हॉलमधले सोळा तीनवर आणि ट्रायल रूमचे दोन दीडवर ठेवले होते. बेरीज ७५ वॅट. १२० च्या मशीनला ९६ च्या वर न्यायचं नाही, वीस टक्के हात राखून ठेवायचा, हा आमचा हिशोब. मामांच्या हिशोबानं झाले बावीस सक १३२.

"मामा, मशीनच १२० चं आहे."

"मर्दा, माझ्या घरात चाळीस बल्ब हायत. कवा मीटर बंद पडलाय?"

खरं तर मामा चुकत नव्हते, आणि मला तोच राग. ही लाइन बल्बासारखीच असते. सगळे स्पीकर एकाच जोडीवर समांतर, आणि प्रत्येकाच्या पाठीवरचा छोटा ट्रान्सफॉर्मर ठरवतो आपण किती वॅट ओढायचे. व्होल्टेज चढवलं की करंट कमी लागतो, म्हणून बारीक वायर दोन मजले फिरवता येते. १२० वॅटला सव्वा अँपिअरसुद्धा लागत नाही. आणि हे १०० व्होल्टही आवाज पूर्ण सोडला तरच. फरक एवढाच, की मामांच्या बल्बांमागं महावितरण उभं आहे आणि या स्पीकरांमागं एक १२० वॅटचा डबा.

"बरं, आवाज दुप्पट झाला का?" मी विचारलं.

मामा जरा घुटमळले. "न्हाई तसा. जरासा."

होणारच नाही. वॅट दुप्पट केले की कानाला जरासाच फरक पडतो. दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. हे मी सांगितलं, तर मामा म्हणाले, "म्हणून तर मग गणपतीतला बॉक्स जोडला की."

मी शिडी धरली. "कुठला बॉक्स?"

साड्यांच्या ठाणांमागं तो होता. घरचा, आठ ओमचा, ट्रान्सफॉर्मर नाही, थेट लाइनीवर. हिशोब करा: शंभर गुणिले शंभर, भागिले आठ, म्हणजे १२५० वॅट मागणारा पाहुणा. ओम जितके कमी तितकी ओढ जास्त; मशीनला ८३ ओमच्या खाली भार चालत नाही, याचे आठ. लाल दिवा लागून जळण्यापासून वाचलं हेच नशीब.

मीटर लावून आधीच कळलं असतं, असं कुणी म्हणेल. साध्या मल्टिमीटरनं नाही कळत. तो डीसी रेझिस्टन्स दाखवतो, आणि बावीस ट्रान्सफॉर्मर समांतर असले की तोही थोडकाच येतो. मग चांगल्या लाइनीलाही माणूस शॉर्ट समजून बसतो. गाण्याच्या सिग्नलला लाइन किती अडवते ते मोजणारा इम्पीडन्स मीटर लागतो; तो माझा सध्या एका मित्राकडं आहे. वर्षभर "सध्या" आहे.

बॉक्स सोडवला आणि दिवा हिरवा झाला. मग अठरा स्पीकर परत तीनवर आणि दीडवर आणायला दोन तास. ही माझी मान. मामा खालून टॉर्च दाखवत होते, दर वेळी शेजारच्या भोकात.

बॉक्स काढायला मात्र मामा तयार होईनात. शेवटी त्यालाही ट्रान्सफॉर्मर लावला, दहा वॅटवर. एकूण ८५. चालतंय.

निघताना मालकानं बिलातले पाचशे कापले. "महिन्याभरातच बिघडलं न्हवं?" मी मामांकडं बघितलं. मामा छताकडं बघत होते. ट्रान्सफॉर्मरचे पैसे सणानंतर देतो म्हणाले. कुठल्या सणानंतर, ते विचारायला मान वळेना.